सरपंचांचं निरोपाचं भाषण: या चुका टाळा

ग्रामसेवकाच्या नोकरीत असताना मुदत संपत आली की सरपंच हमखास मुद्दे मागायला यायचे. निवृत्तीनंतरही फोन येतात. मागणी ठरलेली असते: "भाऊसाहेब, पाच वर्षांत किती निधी आणला तेवढा आकडा काढून द्या." घोळ इथूनच सुरू होतो.

मंजूर झालेला पैसा, खर्च झालेला पैसा आणि पूर्ण झालेलं काम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रशासकीय मान्यतेचं पत्र हातात पडलं की बऱ्याच सरपंचांच्या लेखी काम झालेलं असतं. कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतली नोंद आणि बिल अजून बाकी असतं, पण भाषणात सगळ्याची एकच बेरीज होते. त्यात वित्त आयोगाचा पैसाही मिसळतात. तो मुख्यतः लोकसंख्येच्या हिशेबाने प्रत्येक ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतो. पंधराव्या आयोगात २०२१ पासून त्यातला ६० टक्के तर पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेलाच होता. तो "मी खेचून आणला" असं म्हणू नये, शेजारच्या गावालाही मिळालेला असतो.

एका गावात सरपंचांनी भाषणात जाहीर केलं, "घरोघरी नळ दिला, योजना पूर्ण केली." माणूस कष्टाळू होता. टाकी उभी होती, पाइप पुरले होते, दारोदारी तोट्या बसल्या होत्या. पण चाचणी झाली नव्हती आणि योजना ग्रामपंचायतीने ताब्यातही घेतलेली नव्हती. वरच्या वस्तीतल्या एक आजी जागेवरूनच म्हणाल्या, "नळ आलाय रं बाबा, पाणी कधी येतंय?" वस्ती टाकीच्या मानाने उंचावर होती. खालच्या आळीतले व्हॉल्व्ह पूर्ण उघडे राहिले की वर दाबच उरायचा नाही. सरपंचांना हे पक्कं ठाऊक होतं. कंत्राटदाराचं शेवटचं बिल याच कारणासाठी थांबवावं म्हणून त्यांनी पंचायत समितीत वाद घातला होता. लोकांना ऐकायला हवं होतं ते हेच, आणि भाषणात नेमकं तेच नव्हतं. त्यानंतर शाळेच्या भिंतीचं, स्मशानभूमीच्या शेडचं खरं झालेलं कामही कोणी कान देऊन ऐकलं नाही.

माझी सवय अशी. भाषण लिहायच्या आधी रोकडवही आणि मोजमाप पुस्तिका समोर ठेवायची आणि कोऱ्या कागदावर तीन रकाने आखायचे: झालं, चालू आहे, मंजूर आहे पण सुरू नाही. दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक कामापुढे एक वाक्य लिहायचं: कुठे अडलंय आणि कोणाकडे विचारायचं. त्या नळयोजनेच्या गावासाठी ते असं झालं असतं: "वरच्या वस्तीला दाब मिळत नाही. व्हॉल्व्ह बदलून चाचणी झाल्याशिवाय योजना ताब्यात घेऊ नका." गावकरी हे वाक्य धरून ठेवतात आणि पुढच्या बॉडीला जाब विचारतात. आदल्या रात्री दुसऱ्या गावच्या भाषणात नुसती नावं बदलणाऱ्यांना यातलं काही साधत नाही. त्यांनी सरळ दोन मिनिटं आभार मानून बसावं.

थकबाकी लपवू नका. पथदिवे आणि पाणीपुरवठ्याचं वीजबिल किती थकलंय, घरपट्टी-पाणीपट्टी किती वसूल व्हायची आहे, हे स्वतःच्या तोंडाने सांगा. नवा सरपंच पहिल्याच महिन्यात ते सांगणारच आहे, आणि त्याच्या सांगण्यात तुमची बाजू नसेल.

"राहिलेलं काम मी पूर्ण करून देईन" हे वचन देऊ नका. मुदत निकालाच्या दिवसापासून नव्हे, पहिल्या सभेपासून पाच वर्षं मोजतात. ती संपली की तुमची सही आणि डिजिटल सही, दोन्हींना अर्थ उरत नाही. निवडणूक लांबली तर कारभार प्रशासकाकडे जातो, तुमच्याकडे राहत नाही.

आचारसंहिता लागली असेल तर कार्यक्रमाआधी तहसील कार्यालयात विचारून घ्या. भाषणात नवीन कामाची घोषणा तर नकोच. शाल, नारळ आणि जेवणाचा खर्च ग्रामनिधीतून टाकू नका, लेखापरीक्षणात तो आक्षेप हमखास निघतो.

आमदारांचे आभार एका वाक्यात उरका. पहाटे मोटार चालू करणाऱ्या पाणीवाल्याचं आणि शिपायाचं मात्र नाव घ्या. विरोधी पॅनलचा हिशेब चुकता करायची ही जागा नाही.

सरपंच बाई असतील तर भाषण त्यांनीच करावं. "मॅडमच्या वतीने दोन शब्द" म्हणत त्यांचे यजमान माईक घेतात, हे मला कधीच पटलेलं नाही. पाच वर्षं सह्या त्यांच्या होत्या, ग्रामसभेचं अध्यक्षपद त्यांचं होतं. बोलायची सवय नसेल तर तो तीन रकान्यांचा कागद त्यांच्या हातात द्या आणि कामाच्या नावांपुरतं वाचायला सांगा. "चालू आहे"च्या रकान्यापाशी लोक प्रश्न विचारू लागतात आणि त्या प्रश्नांची उत्तरं बाईंना तोंडपाठ असतात, कारण वस्तीतल्या बाया रोज त्यांनाच विचारत आलेल्या असतात.