टर्बो लॅग कसा ओळखावा, आणि ट्विन-स्क्रोल व व्हीजीटी तो कसा कमी करतात

टर्बोचं चाक इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतं. एक्सलरेटर दाबल्यावर आधी धूर वाढतो, मग चाक वेग घेतं, आणि त्यानंतरच जादा हवा सिलिंडरमध्ये जाते. एवढ्यात जाणारा वेळ म्हणजे लॅग.

आधी खात्री करा. मोकळ्या सरळ रस्त्यावर, ओबीडी स्कॅनरवर एमएपी, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब, आणि आरपीएम लावून, तिसऱ्या गिअरमध्ये 1500 आरपीएमला एक्सलरेटर पूर्ण दाबा. आकडे शेजारच्याला वाचू द्या. मग हेच 2500 ला करा. 1500 ला दाब वाढत नाही पण 2500 ला लगेच वाढतो, तर तो खरा लॅग नव्हे; त्या फेऱ्यांवर धूरच पुरेसा नाही. गिअर खाली घ्या, काम होतं. 2500 लाही दाब रेंगाळत चढला, तर तो लॅग.

ट्विन-स्क्रोलचा उपाय चार सिलिंडरच्या इंजिनात नीट समजतो. पेटण्याचा क्रम 1-3-4-2, म्हणजे दर 180 अंशांना एक सिलिंडर. पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्याहून जास्त काळ उघडा असतो. त्यामुळे 1 चा धूर अजून निघतोय, तोवर 3 चा जोरदार झोत त्याच नळीत येऊन त्याला मागे रेटतो. म्हणून 1-4 आणि 2-3 यांच्या वाटा थेट टर्बोच्या चाकापर्यंत वेगळ्या ठेवतात. झोत शाबूत पोहोचतो आणि चाक लवकर फिरतं. तीन सिलिंडरमध्ये झोतांत 240 अंशांचं अंतर असतंच, तिथे याचा फायदा फारसा नाही.

व्हीजीटीमध्ये चाकाभोवती हलणारी पाती असतात. कमी फेऱ्यांना ती मिटतात, वाट अरुंद होते आणि धूर वेगाने चाकावर आदळतो, पाण्याच्या पाइपचं तोंड बोटाने दाबावं तसा. फेऱ्या वाढल्या की पाती उघडतात. मारुतीच्या 1248 सीसी डिझेलमध्ये साध्या टर्बोच्या 75 पीएस इंजिनाचा 190 एनएम टॉर्क 2000 आरपीएमला मिळे. व्हीजीटीच्या 90 पीएसचा 200 एनएम 1750 लाच. तरी व्हीजीटी म्हणजे लॅग संपला असं समजू नका. तिचा वापर जास्त ताकदीसाठीही होतो, आणि मोठं चाक जडच असतं. पेट्रोलचा धूर जास्त तापतो, त्यामुळे तिथे पाती टिकवणं कठीण. 2006 च्या पोर्श 911 टर्बोने ते साधलं.

सतत शहरातल्या छोट्या फेऱ्या मारल्या की काजळीने पाती अडकतात. उघडी अडकली तर खालच्या फेऱ्यांना गाडी मेल्यासारखी चालते, काळा धूर येतो आणि कोड बहुधा P0299 दिसतो. मिटलेली अडकली तर चढावर जोर लावताना दाब मर्यादेबाहेर जातो, P0234 येतो आणि गाडी ताकद कापते.

टर्बो बदलायला सांगितलं, तरी आधी इंटरकूलरच्या नळ्या आणि व्हॅक्युम पाइप फुटलेत का बघा. पाती हलवणाऱ्या, व्हॅक्युमवर चालणाऱ्या ॲक्च्युएटरचा दांडा बहुतेक गाड्यांत इंजिन सुरू करताच सरकतो आणि बंद केल्यावर परत येतो. तो अडखळला तर काजळीचा संशय घ्या. अजिबात हलला नाही, तर आधी व्हॅक्युम पोहोचतोय का ते तपासा. इलेक्ट्रॉनिक ॲक्च्युएटर मात्र हाताने ढकलू नका, आतले गिअर तुटतात. तो स्कॅनरवरूनच हलवून पाहावा.