पडझडीच्या दिवसाची आगाऊ तपासणी: मामांच्या ३०० पुटचा हिशेब

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामांचा टॉवेलचा कारखाना आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी मला त्यांचा पोर्टफोलिओ तपासायला दिला. बारा लाखांचे शेअर, सगळे ब्रोकरकडे तारण, तीन लाख रोख, आणि शिवाय निफ्टीच्या २३००० स्ट्राइकच्या पुट विकलेल्या, म्हणजे एक्स्पायरीला निफ्टी २३००० च्या खाली गेला तर तो फरक मामांनी भरायचा: चार लॉट, म्हणजे ३०० पुट. निफ्टी तेव्हा २४००० च्या आसपास, एक्स्पायरीला तीस दिवस. प्रीमियम ५३ रुपये, म्हणजे हातात साधारण सोळा हजार. मामा म्हणाले, "निफ्टी हजार पॉइंट खाली येईपर्यंत मला काय होतंय?"

मी तेव्हा नुकता शिकत होतो. प्रश्न मी असा मांडला: निफ्टी एकदम १०% पडला आणि आयव्ही, म्हणजे ऑप्शनच्या भावात धरलेली अस्थिरता, १४ वरून ४० वर गेली तर? हे आकडे हवेतले नाहीत. २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात सुमारे १३% पडला आणि त्याच आठवड्यात इंडिया व्हिक्स, म्हणजे बाजाराची अपेक्षित अस्थिरता दाखवणारा निर्देशांक, ८० च्या वर गेला. पडझड आणि व्हिक्सची उडी सहसा एकाच दिवशी येतात, म्हणून त्या वेगवेगळ्या तपासून भागत नाही.

पहिल्या शीटमध्ये मी सोपी वाट धरली. डेल्टा, म्हणजे निफ्टी एक पॉइंट पडला की पुट जितके रुपये महागते ते, ०.११२ होता. त्याला २४०० पॉइंटने आणि ३०० पुटने गुणलं: तोटा ८१ हजार. व्हेगा, म्हणजे आयव्ही एक टक्क्याने वाढली की पुट जितके रुपये महागते ते, १३.१५ होता. २६ टक्क्यांचे ३०० पुटवर एक लाख तीन हजार. बेरीज १.८४ लाख. मामांना मी हाच आकडा सांगितला, आणि तो साफ चुकीचा होता.

कारण डेल्टा आजच्या भावाला मोजलेला असतो. निफ्टी २१६०० वर आला की निफ्टी २३००० च्या स्ट्राइकखाली १४०० पॉइंट गेलेला असतो आणि डेल्टा वाटेतच वाढत जातो. लहान हालचालीला डेल्टा-व्हेगाची बेरीज चालते, १०% च्या धक्क्याला चालत नाही. तिथे ऑप्शनचा भाव नव्या आकड्यांवर पुन्हा काढावा लागतो. एक्सेलमध्ये मी अक्षरांच्या आणि d1, d2 च्या जागी त्या-त्या सेलचा पत्ता घालून असं लिहिलं (S निफ्टी, K स्ट्राइक, v आयव्ही, r व्याजदर, T वर्षात मुदत):

```
d1 = (LN(S/K)+(r+v^2/2)*T)/(v*SQRT(T))
d2 = d1-v*SQRT(T)
P  = K*EXP(-r*T)*NORM.S.DIST(-d2,TRUE)-S*NORM.S.DIST(-d1,TRUE)
```

व्याजदर ६.५% धरला. नुसता निफ्टी पडला तर पुट १३०८ ला जाते, नुसती आयव्ही वाढली तर ६०२ ला, दोन्ही एकदम झालं तर १७८० ला. म्हणजे तोटा १७२७ गुणिले ३००, ५.१८ लाख. माझ्या पहिल्या उत्तराच्या जवळजवळ तिप्पट. शेअरचा बीटा १.२, म्हणजे निफ्टी १% पडला की ते १.२% पडतात, म्हणून तिकडचा तोटा १.४४ लाख. बीटाही शांत दिवसांवरून काढलेला असतो, हे लक्षात ठेवा. मोठ्या पडझडीत छोट्या कंपन्यांचे शेअर लोअर सर्किटला अडकतात आणि विकताच येत नाहीत.

नवख्यांना सहसा न दिसणारी गोष्ट यानंतर येते. तारण शेअरवर २०% हेअरकट धरला, म्हणजे ब्रोकर किमतीचा तेवढा भाग मोजत नाही, तर पडझडीनंतर त्यांची किंमत ८.४५ लाख उरते. त्यात तीन लाख रोख मिळवा, ऑप्शनचा तोटा वजा करा, हाती राहतात ६.२७ लाख. मार्जिन, म्हणजे पोझिशनसाठी ब्रोकरकडे ठेवावी लागणारी हमी, मी सुरुवातीला लॉटमागे दीड लाख धरलं होतं. अस्थिरता वाढली की तेही वाढतं, म्हणून दोन लाख धरलं. चार लॉटचे आठ लाख, म्हणजे पावणेदोन लाखांची तूट. ती भरली नाही तर ब्रोकर पोझिशन कापतो, आणि नेमकी त्या भावाला, जिथे पुट सर्वात महाग आहे. शिवाय निर्देशांक १०% पडला की बहुतेक वेळा बाजारच काही काळ थांबतो, त्यामुळे स्टॉपलॉसवर भिस्त ठेवता येत नाही.

एकाच जोडीवर थांबू नका. मी आडव्या ओळीत घसरण (३, ५, ८, १०, १३ टक्के) आणि उभ्या रांगेत आयव्ही (१४, २०, ३०, ४०, ६०) घेतली. ५% घसरणीला आयव्ही ४० झाली तरी ३०० पुटचा तोटा तीन लाखांच्या वर जातो. आयव्ही जागची हलली नाही तर तोच लाखभर. तूट कोणत्या चौकटीपासून सुरू होते ते रंगवून ठेवा, मला तर तेवढंच बघायचं असतं. आणि इंडिया व्हिक्सचा आकडा जसाच्या तसा टाकू नका. तुमच्या स्ट्राइकची आयव्ही बघा. खालच्या पुटची ती बहुधा व्हिक्सपेक्षा जास्त असते.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी मामांना चुकीचा आकडा आणि खरा आकडा दोन्ही शेजारी दाखवले. ते बराच वेळ शीटकडे बघत राहिले, मग म्हणाले, "पावणेदोन लाख त्या दिवशी मी सुताच्या बिलातून काढणार काय?" २२००० ची पुट विकत घेऊन तोच धक्का पुन्हा दिला तर ऑप्शनचा तोटा ५.१८ वरून सुमारे पावणेदोन लाखांवर आला. प्रीमियम थोडा कमी झाला. मामांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच ३०० घेतल्या.