चौघांची पाककृती साठ जणांसाठी करताय? या चुका टाळा

साठ भागिले चार म्हणजे पंधरा. म्हणून पाककृतीतल्या प्रत्येक ओळीला पंधराने गुणायचं आणि सगळं एका मोठ्या टोपात ओतायचं. सामुदायिक जेवणाला दर वेळी कुणीतरी उत्साहाने हेच करतं आणि निस्तरायला मग मला हाक मारतात.

काबुली चण्याचा रस्सा घ्या. चौघांना २०० ग्रॅम कोरडे चणे, २०० ग्रॅम कांदा, ३०० ग्रॅम टोमॅटो आणि चणे वेगळे शिजवून घेतल्यावर रश्शासाठी अर्धा लिटर पाणी. साठ जणांना ३ किलो चणे, ३ किलो कांदा, साडेचार किलो टोमॅटो. इथपर्यंत पंधराने गुणलंत तर काही बिघडत नाही. बिघडायला सुरुवात होते ती कांदा परतताना.

एका कार्यक्रमात एका तरुणाने तो ३ किलो कांदा खोल टोपात एकदमच टाकला. पाककृतीत ‘दहा मिनिटं परता’ लिहिलेलं. पाऊण तास झाला तरी कांदा फिकटच आणि टोपात पाणीच पाणी. कांद्यात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणी असतं, म्हणजे ३ किलोत अडीच लिटरच्या वर. पसरट कढईत थर पातळ असला की ते वाफ होऊन जातं आणि मग कांदा तांबूस व्हायला लागतो. वीतभर थरातून ते जाणार कुठून? कांदा आपल्याच पाण्यात शिजत राहतो. “काका, आच मोठी करू का?” असं त्याने विचारलं. केली असती तर खालचा करपला असता आणि वरचा कच्चाच राहिला असता. शेवटी कंटाळून त्याने तसाच टोमॅटो ओतला, रस्सा गोडसर आणि कच्चट झाला, आणि ते झाकायला कुणीतरी मूठभर गरम मसाला टाकला. मग तो कडूही झाला.

मी दुसरं काही चुलीवर चढवायच्या आधी कांदा हातावेगळा करतो. दोन पसरट कढया, चार-पाच घाणे, थर बोटभर जाडीचा. तासभर सहज जातो. एवढा वेळ नसेल तर कांद्याच्या रश्शाचा बेतच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तेल मात्र पंधरापट लागत नाही. नऊ-दहापट पुरतं, नाहीतर वर बोटभर तवंग येतो.

दुसरी चूक पाण्याची. पदार्थ पंधरापट झाला तरी टोपाचं तोंड पंधरापट होत नाही. त्याच आकाराचा मोठा टोप घेतला तर तोंडाचं क्षेत्रफळ साधारण सहापट होतं. घरी अर्धा लिटर पाण्यातलं २०० मिली मंद आचेवर उडून जात असेल, तर पंधरापटीच्या हिशेबाने ३ लिटर उडायला हवं. त्याच वेळात प्रत्यक्षात उडतं सव्वा लिटरच्या आसपास. म्हणजे साडेसात लिटर ओतलंत की पावणेदोन लिटर जास्तीचं पाणी ताटात येणार. मी साडेपाच लिटरवर थांबतो आणि शेजारी गरम पाण्याचं पातेलं ठेवतो. दाट रस्सा सैल करायला मिनिट लागतं. पातळ रस्सा आटवायला गेलात तर चण्यांचा लगदा होतो.

मसाल्याचं सगळ्यांना भय वाटतं, पण खरा घोळ मापाचा असतो. सपाट चमचाभर मीठ साधारण ६ ग्रॅम, शीग भरली की ९ च्या पुढे. घरी दोन चमचे लागत असतील तर साठ जणांना १८० ग्रॅम. शिगेचे तीस चमचे टाकलेत तर २७० च्या वर. म्हणून मोजायचं ते वजनकाट्यावर. मिठाचा तीन-चतुर्थांश आधी, उरलेलं शेवटी चव घेऊन. लाल तिखट, लवंग, दालचिनी मी दहापटीनेच सुरू करतो, कारण मोठ्या टोपात ती जास्त वेळ उकळतात आणि त्यांचा कडकपणा रश्शात उतरत राहतो. मीठ टाकणारा हात एकच असावा. खारट झालंच तर बटाटा टाकून मीठ ‘ओढून’ घेण्याच्या भानगडीत पडू नका. त्यासाठीच मी किलोभर शिजवलेले चणे बिनमिठाचे बाजूला ठेवतो.

टोप काठोकाठ भरू नका. साठ जणांना पाव-पाव लिटर म्हणजे १५ लिटर रस्सा, त्याला २२ ते २५ लिटरचा जाड बुडाचा टोप लागतो. दोन लहान टोप असतील तर उत्तमच. ढवळताना पळी बुडाला अडखळायला लागली किंवा करपट वास आला, तर खरवडू नका; वरचा रस्सा हलकेच दुसऱ्या टोपात काढून घ्या.

उरलेला रस्सा त्याच मोठ्या टोपात झाकून रात्रभर ठेवू नका. मध्यभाग कित्येक तास कोमट राहतो आणि जंतूंना तेच हवं असतं. काही जंतूंचे बीजाणू तर उकळूनही मरत नाहीत. उथळ भांड्यांत चार बोटांहून कमी थर करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाईल असं बघा.