पांढरं यूडीआयडी कार्ड टाकाऊ नसतं: दिव्यांग हक्कांच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे विधी किंवा समाजकार्य शिकून दिव्यांगांच्या हक्कांचं काम हाती घेणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. कायदा, नियम आणि शासन निर्णय यांतला फरक तुम्हाला ठाऊक आहे, असं धरून चालू या. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराची सगळी ५० कलमं इथे येणार नाहीत. क्लासच्या नोट्समध्ये ती ओळीने छापलेली असतात, मुलं पाठ करतात, आणि पहिला अर्ज लिहायची वेळ आली की नेमकं कोणतं कलम काढायचं ते सुचत नाही. म्हणून एकच धागा घेऊ: दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या खाली असलेल्या माणसाला काय मिळतं?

करार १३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मंजूर झाला. ३० मार्च २००७ रोजी तो सह्यांसाठी खुला झाला, त्याच दिवशी भारताने सही केली आणि १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला कायम मान्यता दिली. पण आपल्याकडे करारावर सही झाली म्हणून कोणाच्या पदरात आपोआप हक्क पडत नाही. करार अमलात आणायला संसदेला कायदा करावा लागतो, आणि तो अधिकार तिला राज्यघटनेच्या अनुच्छेद २५३ ने दिला आहे. त्यातून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, आणि हा कायदा त्या करारासाठीच केल्याचं त्याच्या उद्देशिकेत म्हटलं आहे. अर्जात याचा उपयोग असा होतो: मागणी कायद्याच्या कलमावर उभी करायची आणि त्या कलमाचा अर्थ लावताना करार पुढे ठेवायचा. फक्त कराराचा हवाला दिलेला अर्ज बाबू लोक शांतपणे फायलीत लावून टाकतात.

कराराला जोडून एक ऐच्छिक प्रोटोकॉलही आहे. त्याला कायम मान्यता देणाऱ्या देशातल्या माणसाला देशातले उपाय संपल्यावर थेट संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे वैयक्तिक तक्रार करता येते. भारताने त्यावर सही केलेली नाही. त्यामुळे ‘जिनिव्हाला लिहू’ असं सांगणारा गुरू भेटला तर त्याचा चहा घ्या, पण सल्ला घेऊ नका.

आता मूळ मुद्दा. करारात दिव्यांग कोण हे टक्क्यांवर ठरत नाही. दीर्घकाळची शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची उणीव आणि बाहेरचे अडथळे यांची गाठ पडून ज्याचा इतरांच्या बरोबरीने सहभाग अडतो, तो दिव्यांग. आपल्या कायद्याच्या कलम २ च्या खंड ‘एस’मध्ये जवळजवळ हीच व्याख्या आहे. तिच्यात ४० हा आकडा नाही. तो आकडा खंड ‘आर’मध्ये येतो, लक्षणीय दिव्यांगत्वाच्या व्याख्येत. कायद्यातले काही लाभ या दुसऱ्या गटापुरते आहेत: उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागा कलम ३२ खाली, सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण कलम ३४ खाली.

कलम ३ मात्र तसं नाही. समानता, भेदभावाला मनाई आणि वाजवी सोय या तिन्ही गोष्टी पहिल्या, रुंद व्याख्येतल्या प्रत्येकासाठी आहेत. वाजवी सोय म्हणजे त्या एका माणसाच्या गरजेप्रमाणे केलेला आवश्यक बदल, जो समोरच्यावर अवास्तव बोजा टाकत नाही. ही कल्पना कराराच्या दुसऱ्या अनुच्छेदातून कलम २ च्या खंड ‘वाय’मध्ये आली. वाजवी सोय नाकारणं हा भेदभावच आहे, हेही करारातून आलं आणि खंड ‘एच’मध्ये बसलं. या दोन खंडांवर अख्खा अर्ज उभा राहतो.

घोटाळा इथेच होतो, आणि तो चांगल्या-चांगल्यांचा होतो. ‘चाळीस टक्के नाहीत ना, मग काही मिळणार नाही,’ असं महाविद्यालयाचा कारकून सांगतो, सिव्हिलमधला कर्मचारी सांगतो, कधी वकीलही सांगतो. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, त्याचे रंग त्यात भर घालतात. ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ७९ ला पिवळं, त्यापुढे निळं. पांढरं कार्ड हातात आलं की घरचे ते पेटीत ठेवून देतात. आरक्षणासाठी ते कार्ड पुरत नाही, हे खरं. वाजवी सोयीसाठी ते पुरतं, हेही तितकंच खरं. समोरचा आरक्षणाचं कारण देऊन सोय नाकारतो आहे का, हे प्रत्येक नकारपत्रात आधी तपासा. तसं असेल तर त्याने चुकीच्या कलमावर उत्तर दिलं आहे, आणि तुमची बाजू भक्कम आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकाश कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या निकालात हेच स्पष्ट केलं. उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता आणि त्याला लेखनिक हवा होता. आयोगाचं म्हणणं होतं की तो लक्षणीय दिव्यांगत्वात बसत नाही. न्यायालयाने सांगितलं की लेखनिकाची सोय ४० टक्क्यांच्या अटीला बांधता येणार नाही, ती वाजवी सोय आहे. तिथे करार आणि त्यावरच्या समितीचं विवेचन न्यायालयाने कायद्याचा अर्थ लावायला वापरलं. यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्राने ४० टक्क्यांखालच्या, पण लिहायला अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. कराराचा शब्द परीक्षेच्या हॉलपर्यंत कसा पोचतो, ते या एका साखळीत दिसतं. निकाल मुळातून वाचा, व्हॉट्सॲपवरच्या चार ओळींवर विसंबू नका.

आता आपल्या भागातलं एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, धडगावची एक मुलगी नंदुरबारला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला सिकलसेल आजार आहे, नुसती वाहक नाही. हा फरक पहिल्या भेटीत पक्का करा, कारण वाहक असणं म्हणजे आजार नव्हे आणि तपासणीचा कागद वरवर पाहून लोक दोन्ही एकच समजतात. तिच्या प्रमाणपत्रावर ३० टक्के आहेत. १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते आणि सिकलसेल त्यांत नव्हता. २०१६ च्या कायद्याच्या अनुसूचीत २१ प्रकार आले, त्यांत हिमोफिलिया आणि थॅलेसेमियाबरोबर सिकलसेलही आला.

३० टक्क्यांवर तिला कलम ३२ ची जागा मिळणार नाही. आणखी एक कटू गोष्ट आहे. उद्या टक्केवारी ४० च्या वर गेली, तरी कलम ३४ च्या नोकरीतल्या आरक्षणाच्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. शिक्षणात जागा, नोकरीत नाही, असं आज कायद्याचं रूप आहे. घरच्यांना हे आधीच सांगा. खोटी आशा दाखवून पुढे तोंड लपवणारे पुष्कळ भेटतील, त्यांच्यात भर नको.

मग मागायचं काय? आजार कुठे आडवा येतो ते आधी नीट ऐका. सिकलसेलमध्ये शरीरातलं पाणी कमी झालं, थंडी लागली, फार श्रम झाले किंवा जंतुसंसर्ग झाला की असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणून तिने सतत पाणी प्यायला हवं. त्यात या आजारात मूत्रपिंडाची पाणी धरून ठेवण्याची ताकद कमी होते, त्यामुळे लघवीला वारंवार जावं लागतं. तीन तासांच्या पेपरात बाटली आत नेऊ न देणं आणि बाहेर गेलेला वेळ कापणं तिला थेट मागे टाकतं. त्यावरची सोय अशी मागा: पाण्याची बाटली जवळ ठेवायची मुभा आणि बाहेर गेलेल्या मिनिटांइतका वेळ शेवटी. जिन्यांचे श्रम टाळायला तळमजल्यावरची खोली मागा. झटक्यामुळे चुकलेल्या अंतर्गत चाचणीऐवजी दुसरी तारीख मागा.

अर्जात प्रत्येक मागणीला तीन गोष्टी जोडा: अडथळा काय, त्यावर नेमका बदल कोणता, पुरावा कोणता. ‘सर्व सवलती मिळाव्यात’ हे वाक्य कधीही लिहू नका. वाजवी सोय ही एका माणसाची, एका अडथळ्यापुरती असते, आणि मोघम मागणीला मोघम नकार मिळतो. डॉक्टरांच्या पत्रात आजाराचं नाव एवढंच नसावं. वारंवार पाणी, लघवी, श्रमाची मर्यादा हे शब्द त्यात हवेत, नाहीतर मागणी आणि पुरावा यांची सांगड बसत नाही. कायद्याचा आधार म्हणून कलम ३, कलम १६ मधली शिक्षणसंस्थांकडून वाजवी सोयीची तरतूद आणि कलम १७ मधला परीक्षा पद्धतीतल्या बदलांचा खंड लिहा. कलम १७ चा तो खंड ‘दिव्यांग विद्यार्थी’ म्हणतो, ४० टक्के म्हणत नाही. हे वाक्य अर्जात ठळक करा.

अर्ज सत्राच्या सुरुवातीला द्या. हॉल तिकीट आल्यावर दिलेला अर्ज बरोबर असूनही वेळेअभावी मरतो. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तोंडी नकार आला तर कारणांसह लेखी उत्तर मागा, कारण ‘बोजा अवास्तव आहे’ हे सांगायची जबाबदारी नाकारणाऱ्याची आहे. पाण्याच्या बाटलीचा बोजा कोणालाच दाखवता येत नाही.

हजेरीचं प्रकरण वेगळं आहे, तिथे सावध राहा. दवाखान्यात गेलेल्या दिवसांचा विचार व्हावा अशी मागणी रास्त आहे, पण प्रात्यक्षिकं हा अभ्यासक्रमाचा गाभा असेल तर ती माफ होतीलच असं नाही. तिथे माफी न मागता ती प्रात्यक्षिकं नंतर पूर्ण करून द्यावीत, असं मागा. ही मागणी टिकण्याची शक्यता जास्त.

महाविद्यालय आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून काम झालं नाही तर पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. कलम २३ च्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे हा विषय नेऊ नका. तो सरकारी आस्थापनेतल्या नोकरीच्या तक्रारींसाठी आहे, आणि तिथे अर्ज टाकून महिने वाया जातात. कलम ८० खाली आयुक्त हक्कभंगाची चौकशी करतात, आणि त्यांना साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. मात्र ते शिफारस करतात. कलम ८१ प्रमाणे संस्थेने तीन महिन्यांत कार्यवाही कळवायची, किंवा शिफारस मान्य नसेल तर कारणं द्यायची आणि तक्रारदारालाही सांगायचं. परीक्षा तीन आठवड्यांवर असेल तर हा रस्ता लांबचा पडतो. तेव्हा उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात रिट दाखल करावं लागतं, कारण खान्देशातले तिन्ही जिल्हे त्याच्याच कक्षेत येतात. आणि तिथे न्यायमूर्ती पहिल्यांदा विचारतात ते सत्राच्या सुरुवातीच्या अर्जाचं आणि त्यावरच्या पोचेचं.