बिलिबिली बघताना ते पळणारं चिनी आधी बंद करा (आणि अडलं की परत चालू करा)

चीनमध्ये नवीन आलात की कुणी ना कुणी सांगतंच, बिलिबिलीवर व्हिडिओ बघ, भाषा पण सुधारेल. मग तुम्ही व्हिडिओ लावता आणि स्क्रीनवर उजवीकडून डावीकडे चिनी अक्षरांची वरात निघते. माझं पण तेच झालं होतं, मला वाटलं फोनच बिघडला. ती बघणाऱ्या लोकांची कॉमेंट असते, तिला म्हणतात 弹幕, उच्चार साधारण तान-मू.

घरमालकाचं वॉशिंग मशीन होतं, कपड्यांना कुबट वास यायला लागला, बटणांवर सगळं चिनी. शेजारच्या मुलाने सांगितलं की 筒自洁 नावाचं बटण असतं, म्हणजे ड्रम स्वतः धुवून घेतो. तेच शब्द शोधले, पाच-सहा मिनिटांचा व्हिडिओ मिळाला, पण कॉमेंटच्या गर्दीत माणूस बोट कुठे ठेवतोय तेच दिसेना.

तर पहिलं काम हे. फोन उभा असेल तर व्हिडिओच्या खाली कॉमेंट लिहायची जागा असते, तिच्याशेजारी 弹 लिहिलेलं छोटं चिन्ह दिसेल, ते दाबलं की सगळं गायब. लॅपटॉपवर कीबोर्डवरचं D दाबलं तरी चालतं, फक्त कर्सर लिहायच्या चौकटीत नको, नाहीतर तिथे d उमटतो आणि व्हिडिओवर काहीच होत नाही.

मग स्पीड. फोन आडवा धरा, स्क्रीनला एकदा टच करा, खाली उजवीकडे 倍速 दिसेल. 0.5, 0.75, 1.0, 1.25, 1.5, 2.0 असे पर्याय येतात. आपल्यासारख्यांनी 0.75 घ्यावं असं माझं मत. 0.5 वर आवाज इतका ताणला जातो की चिनी टोन ओळखायला उलट जास्त त्रास होतो. आणि व्हिडिओवर बोट दाबून धरलं तर तो एकदम पळायला लागतो, बोट उचललं की परत पहिल्यासारखा, त्यामुळे फोन घट्ट पकडून बघत असाल आणि माणूस मधेच रेल्वेसारखा बोलायला लागला तर घाबरू नका, तुमचाच अंगठा लागलाय.

सबटायटलचं मात्र लोक हमखास चुकतात. 字幕 हे बटण प्रत्येक व्हिडिओवर नसतंच, वेगळं सबटायटल जोडलेलं असेल तरच दिसतं. पण बटण नसून पण खाली अक्षरं दिसतात ना? ती व्हिडिओ बनवणाऱ्याने चित्रातच छापलेली असतात, ती बंद होत नाहीत आणि त्यांची भाषाही बदलत नाही. ओळखायचं कसं, तर 字幕 मध्ये जाऊन 关闭 म्हणजे बंद दाबा, तरी अक्षरं तशीच राहिली तर ती छापील. कधी कधी दोन्ही एकदम असतात, एकावर एक, तेव्हा बटणवालं बंद करून टाका.

छापील असली तरी कामाची आहेत. व्हिडिओ पॉज करा, स्क्रीनशॉट काढा आणि भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाका. पण 弹 बंद असतानाच हां, नाहीतर अ‍ॅप पळणारी कॉमेंट आणि खालचं वाक्य एकत्र करून असलं भाषांतर देतं की मशीनऐवजी कुणाची तरी लग्नपत्रिका वाचतोय असं वाटतं.

एवढं करून मला कळलं की कपडे सगळे बाहेर काढायचे, रिकामं मशीन लावायचं आणि 筒自洁 दाबायचं. दाबलं, काही होईना. तीनदा दाबलं.

मग वैतागून व्हिडिओ बरोबर त्या बटणाच्या जागी मागे नेला आणि 弹 परत चालू केलं. ही कॉमेंट कधी लिहिली याच्यावर नाही, व्हिडिओतल्या नेमक्या कुठल्या सेकंदाला लिहिली याच्यावर दिसते. म्हणजे जिथे तुम्ही अडलात तिथेच आधी अडलेल्यांचं बोलणं उमटतं. बऱ्याच 哈哈哈 मधून (ते नुसतं हसणं, सोडून द्या) एक ओळ गेली 长按3秒. पॉज केलं की ओळीपण थांबतात, तेव्हा निवांत वाचता आलं: तीन सेकंद दाबून धरा. दाबून धरलं, झालं चालू.

सारखं चालू-बंद करायचा कंटाळा असेल तर 弹幕 च्या सेटिंगमध्ये जा. तिथे 显示区域 म्हणजे स्क्रीनचा किती भाग कॉमेंटला द्यायचा, मी सगळ्यात कमी ठेवलाय, वरच्या पट्टीत काय पळायचं ते पळू दे. 不透明度 कमी केलं की अक्षरं फिकट होतात. आणि 防挡字幕 ला टिक करा, त्याने खालची सबटायटलची जागा मोकळी राहते. 2.0 वर बघणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, व्हिडिओ दुप्पट पळतो तशा कॉमेंटही दुप्पट गर्दीने येतात, तेव्हा 弹 बंदच बरं.