चकाकीखालचं पॅनकार्ड वाचताना

सभासदाने मोबाइलवर पाठवलेला पॅनकार्डाचा फोटो उघडला की आधी पांढरा डाग आणि रंगीत डाग वेगळे करा. प्लॅस्टिकवर उजेड पडून जिथे कोरा पांढरा ठिपका उमटतो, तिथली अक्षरं फोटोत आलेलीच नसतात. ब्राइटनेस कमी केला तरी ठिपका फक्त करडा होतो, त्यामुळे त्यावर वेळ घालवू नका. होलोग्रामच्या इंद्रधनुषी रंगाखाली मात्र छपाई बऱ्याचदा शिल्लक असते. फोटो कृष्णधवल करा, किंवा लाल, हिरवा, निळा असे रंग सुटे करून पाहा. एखाद्यात अक्षराची कड उठून दिसते.

नंबर जागेप्रमाणे वाचा. पहिली पाच अक्षरं, मग चार अंक, शेवटी एक अक्षर. त्यामुळे सहाव्या जागेवरचा गोल म्हणजे शून्यच, आणि तिसऱ्या जागेवरचा O. व्यक्तीच्या कार्डावर चौथं अक्षर P असतं. पाचवं आडनावाचं आद्याक्षर, आणि नेमकं इथेच मन घाई करतं. समजा, कार्डावर कुलकर्णी आडनाव स्वच्छ दिसतंय, पाचव्या अक्षरावर होलोग्राम आलाय आणि उजवीकडची गोलाई तेवढी दिसतेय. आडनावावरून K लिहावासा वाटेल, पण K ला गोलाई नसते. लग्नानंतर नाव बदलून नवं कार्ड घेतलं तरी नंबर जुनाच राहतो, म्हणजे माहेरच्या देशपांडेंचा D तिथे असू शकतो. ही जागा रिकामी ठेवा. झाकलेला अंक तर कशावरूनच काढता येत नाही. शेवटचं अक्षर पडताळणीचं असलं तरी त्याचं गणित आपल्या हाती नाही.

जन्मतारखेत 3 की 8 असा संशय असेल तर तोही तसाच नोंदवा, वयाच्या अंदाजाने भरू नका.

आता काय परत मागायचं ते ठरवा. नाव आणि वडिलांचं नाव नीट वाचता येत असेल तर त्याबद्दल विचारू नका. ‘फोटो क्लिअर पाठवा’ म्हटलं की लोक तशाच ट्यूबलाइटखाली पुन्हा तोच फोटो काढतात. त्याऐवजी असं लिहा: “ताई, नंबरचं पाचवं अक्षर आणि जन्मसाल चमकेमुळे दिसत नाही. फ्लॅश बंद करून खिडकीजवळ, गडद कापडावर कार्ड ठेवून दोन फोटो काढा; दुसऱ्या वेळी कार्ड थोडं तिरकं करा. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.” कार्ड तिरकं केलं की चमक सरकते, अक्षर जागेवर राहतं, म्हणून दोन फोटो मिळून सगळं वाचता येतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की फोटोचा आकार कमी होऊन तो धूसर होत नाही.

फोनवर विचारताना “D आहे ना?” असं म्हणू नका, समोरचा पटकन हो म्हणतो. “पाचवं अक्षर वाचून सांगा” म्हणा, पण सांगितलेलं अक्षर नव्या फोटोत दिसल्यावरच नोंदीत चढवा.