आधी पद बघा, मग पर्याय वाचा: ऑडिट एथिक्सच्या प्रश्नांची तयारी

आयएसए 240 आणि 250 वाचून झालेले असतील, नीतिमत्तेची पाच मूलतत्त्वं पाठ असतील. त्यावर वेळ घालवत नाही. गोपनीयतेचं तत्त्व मात्र कोपऱ्यात लिहून ठेवा, कारण चुकीच्या पर्यायांपैकी एक तरी त्याच्याशी भांडणारा असतो.

आता मुख्य गोष्ट. उताऱ्यात गैरप्रकार दिसला की पेन्सिल घेऊन ज्याच्यावर संशय आहे त्याच्या पदाखाली रेघ मारा. रकमेखाली नाही, पदाखाली. त्या पदावरून वर बाण काढा आणि वरच्या पायरीवर कोण आहे ते लिहा. गैरप्रकाराची माहिती संशयित व्यक्तीच्या किमान एक पायरी वर असलेल्या मॅनेजमेंटला द्यायची असते, आणि तीही वेळेवर. रक्कम क्षुल्लक असली तरी हे सुटत नाही. मॅनेजमेंटवरच संशय असेल तर विषय थेट ऑडिट कमिटीकडे किंवा संचालक मंडळाकडे, म्हणजे कारभारावर देखरेख ठेवणाऱ्यांकडे जातो.

एक नमुना घ्या. मटेरियॅलिटी 50 लाख. एका पुरवठादाराची 3 लाखांची बिलं चुकती झाली आहेत, पण माल आल्याची पावती एकाही बिलाला जोडलेली नाही. पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक पगारपत्रकातल्या खरेदी लिपिकाच्या खात्याशी जुळतो. बिलं मंजूर करण्याचा अधिकार लिपिकाला नाही. पर्याय चार: पोलिसांना कळवा, राजीनामा द्या, वित्त संचालकांना सांगा, रक्कम मटेरियॅलिटीखाली आहे म्हणून सोडून द्या. संशय लिपिकावर आहे, वित्त संचालक त्याच्या वर आहेत, उत्तर तिसरं. इथपर्यंत कुणीही पोहोचतं.

आता त्याच उताऱ्यात एक ओळ वाढते: 'सर्व बिलांवर वित्त संचालकांची सही असून, पावती न मागता पैसे सोडण्याची सूचना त्यांनीच दिली होती.' बिलं तीच, 3 लाखही तेच, पण तिसरा पर्याय आता चूक. ज्याच्यावर संशय आहे त्यालाच जाऊन सांगायचं का? नेमकी अशी ओळ परिच्छेदाच्या शेवटी, व्हॅटचा दर किंवा गोदामाचा पत्ता यांसारख्या निरुपयोगी माहितीत दडवलेली असते. म्हणून शेवटची ओळ वाचल्याशिवाय पद ठरवायचं नाही, आणि ती वाचल्यावर बाण पुन्हा तपासायचा. दोन पदं दिसली तर दोघांच्याही वर जायचं.

वरिष्ठ गुंतले की आणखी एक काम वाढतं. त्यांनी दिलेली लेखी निवेदनं आणि इतर पुरावे कितपत भरवशाचे, हे पुन्हा तपासायचं. गैरप्रकार एकटादुकटा असेल असं गृहीत धरायचं नाही. रक्कम लहान असूनही प्रकरण मोठं होतं ते यामुळे. 'रक्कम मटेरियल नाही, काही करू नका' हा पर्याय दिसला की वैतागूनच खोडा.

वर कुणीच नसेल तर? मालक हाच एकमेव संचालक आणि संशयही त्याच्यावरच, असा उतारा येतो. तिथे बाण काढायला जागा नसते, म्हणून कायदेशीर सल्ला घेणे हा पर्याय शोधा. बाहेर कळवणं हे कायद्याचं बंधन किंवा मुभा असेल तरच. काळा पैसा पांढरा करण्याचा संशय असेल तर मात्र नेहमीचा बाण विसरा. फर्ममधल्या नेमलेल्या अधिकाऱ्याला कळवायचं आणि ग्राहकाला सुगावा लागू द्यायचा नाही. इथे ग्राहकाच्या ऑडिट कमिटीकडे धावलात तर तोच गुन्हा ठरू शकतो.

तुम्ही स्वतः कोण आहात तेही बघा. प्रश्नात 'तुम्ही ऑडिट ज्युनिअर आहात' असं असेल तर पहिली पायरी आपल्या मॅनेजरला किंवा पार्टनरला सांगणं. ज्युनिअर थेट ऑडिट कमिटीकडे जात नाही. 'प्रथम काय कराल' आणि 'अखेरीस काय कराल' यांची उत्तरं वेगळी. नुसती कुजबुज कानावर आली असेल तर आधी पुरावा. खाते क्रमांक जुळलाय, सही सापडलीय, तर आता कळवायचं. सिद्ध होईपर्यंत थांबायचं नाही.

उरलेलं थोडक्यात. राजीनामा हा अपवादात्मक परिस्थितीतला मार्ग, पहिला कधीच नाही. ऑडिट अहवालातलं मत बदलायचं ते चुकीचा आकडा मटेरियल असून दुरुस्त केला नाही किंवा पुरेसा पुरावा मिळाला नाही म्हणून. नुसता गैरप्रकार सापडला म्हणून नाही. केलेली चर्चा कागदपत्रांत नोंदवणं हे बहुतेक प्रश्नांत बरोबरच असतं, पण एकटं उत्तर म्हणून पुरत नाही.

पर्यायावर खूण करण्याआधी रेघ मारलेलं पद पुन्हा बघा. ज्याला सांगायचं ठरवलंत तो त्याच्या वर आहे ना?